आपल्या भागातल्या सगळ्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र: तापाच्या पेशंटला 'पाण्यातून चाललात का' एवढं विचारा

आदरणीय डॉक्टर साहेब आणि डॉक्टर मॅडम,

मी कळव्यात राहते आणि ठाणे स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अकरा वर्षं टेक्निशियन आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या चिठ्ठ्या घेऊन पेशंट आमच्या खिडकीवर येतात, त्यामुळे तुम्ही मला ओळखत नसलात तरी मी तुम्हाला ओळखते. आणि आमच्या घरातला प्रत्येक ताप, खोकला, जुलाब तुमच्याच दवाखान्यात बरा झालाय, त्यामुळे हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आपल्या भागातल्या पाच-सहा दवाखान्यांच्या काचेवर एकच प्रिंटआऊट चिकटवलेला दिसला. 'तापामध्ये रिपोर्टशिवाय अँटिबायोटिक दिलं जाणार नाही, कृपया आग्रह करू नये.' वर्षभरातल्या नऊ महिन्यांसाठी हा नियम मला शंभर टक्के पटतो. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागणारे लोक मी रोज बघते. पण जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, ज्या शहरात माणसं गुडघाभर पाण्यातून घरी जातात तिथे, हाच नियम सरसकट लावला तर एक आजार हमखास हातातून सुटतो. तो म्हणजे लेप्टो, उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत तो सुटला. त्याला विचारूनच लिहितेय.

भाऊ ३४ वर्षांचा, रिक्षा चालवतो. जुलैतल्या एका रविवारी दुपारी धो धो पाऊस पडला आणि वंदना टॉकीजजवळ त्याची रिक्षा पाण्यात बंद पडली. दीड तास त्याने ती ढकलली, चप्पल वाहून जाईल म्हणून काढून सीटखाली ठेवली होती. त्याच्या टाचांना कायम भेगा असतात, रिक्षावाल्यांच्या असतातच, आणि उजव्या अंगठ्याजवळ चप्पल चावून फोड फुटलेला होता. घरी आला, पाय धुतले, चहा प्यायला आणि विसरून गेला. आम्ही पण विसरलो.

ताप आला तो नवव्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी. थंडी वाजून १०३. आता नऊ दिवसांपूर्वीचं पाणी कुणाच्या डोक्यात असणार? लेप्टोची खरी चलाखी इथेच आहे. पाण्यातून गेल्यावर दोन दिवसांपासून महिन्याभरापर्यंत कधीही ताप येऊ शकतो, बहुतेकांना पाच ते चौदा दिवसांत येतो, म्हणजे रस्ते सुकलेले असतात, ऊन पडलेलं असतं, आणि पेशंट दवाखान्यात येऊन सांगतो की काल रात्री पंखा जोरात होता. तो पाण्याचं आपणहून सांगणार नाही, त्याला विचारावं लागतं.

बुधवारी तो दवाखान्यात गेला. पॅरासिटामॉल मिळाली आणि अंग फार दुखतंय म्हणाला म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन. पाण्यातून चाललास का हा प्रश्न कुणी विचारला नाही. गुरुवारी रक्त तपासायला आमच्याच लॅबमध्ये आला. मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू एनएस-वन निगेटिव्ह, आणि लेप्टोचं कार्डसुद्धा निगेटिव्ह. रिपोर्ट बघून त्याला सांगितलं गेलं की सगळं निगेटिव्ह आहे, व्हायरल आहे, अँटिबायोटिकची गरज नाही, आराम करा.

डॉक्टर, माझी सगळ्यात मोठी तक्रार या एका वाक्याबद्दल आहे, आणि ती करायचा मला हक्क आहे कारण ते कार्ड मी स्वतःच्या हाताने लावलं होतं. डेंग्यूचं एनएस-वन हे डेंग्यूच्या व्हायरसचाच तुकडा पकडतं, म्हणून ते तापाच्या पहिल्या दिवशीही पॉझिटिव्ह येऊ शकतं. लेप्टोचं आयजीएम कार्ड जंतूला पकडतच नाही, ते आपल्या शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी पकडतं आणि ती पुरेशी तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. एलायझाने केलं तरी तेच. म्हणजे तापाच्या तिसऱ्या दिवशीचं निगेटिव्ह कार्ड एवढंच सांगतं की अजून अँटिबॉडी दिसत नाहीये. लेप्टो नाही असं ते सांगतच नाही. पहिल्या आठवड्यात रक्तातला जंतू दाखवणारी टेस्ट म्हणजे पीसीआर, पण ती गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही, सॅम्पल बाहेर पाठवायचं, पैसे जास्त आणि रिपोर्टची वाट बघायची. म्हणजे 'रिपोर्ट आल्याशिवाय औषध नाही' हा नियम लेप्टोला लावला तर त्याचा साधा अर्थ होतो की आठवडा झाल्याशिवाय औषध नाही. आणि औषधाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो नेमका त्याच आठवड्यात.

त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये खूण नव्हती असंही नाही. प्लेटलेट १ लाख १२ हजार होत्या, त्या सगळ्यांनी वाचल्या. घरात लगेच पपईच्या पानांचा रस सुरू झाला, फोन करणारा प्रत्येक नातेवाईक फक्त प्लेटलेट विचारत होता. पण पांढऱ्या पेशी १३,२०० होत्या आणि त्यात न्यूट्रोफिल ८६ टक्के, ते कुणीच वाचलं नाही. डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा कमी होतात. प्लेटलेट कमी आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या, तेही पावसाळ्यात, तेही रिक्षावाला, म्हणजे थांबून विचार करायला पाहिजे होता. मीही नाही केला. रिपोर्ट मीच प्रिंट केला, माझ्या सख्ख्या भावाचं नाव वर होतं, आणि मीही त्याला म्हटलं की चला, डेंग्यू नाही, सुटलो. हे मला अजून रात्री आठवतं.

शुक्रवारी त्याला माळ्यावरून उतरता येईना. पाय दुखतात म्हणाला, पण नीट विचारलं तर पाय नाही, पोटऱ्या. हाताने नुसतं दाबलं तरी ओरडत होता. कंबर पण तशीच. आणि डोळे लालभडक, आई म्हणाली डोळे आले वाटतं, पण डोळ्यांत ना चिकटा, ना पाणी, ना टोचणं, फक्त लाल. ताप, दाबल्यावर दुखणाऱ्या पोटऱ्या आणि चिकटा नसलेले लाल डोळे, लेप्टोची याहून ठळक ओळख नाही. प्रत्येक पेशंटमध्ये दिसतेच असं नाही, पण दिसली तर सोडू नये. हे बघायला मशीन लागत नाही, तुम्ही पँट वर करायला सांगून पोटरी दाबली आणि खालची पापणी ओढून बघितली की झालं, अर्धं मिनिट. शुक्रवारी तो परत दवाखान्यात गेला तेव्हा खूप गर्दी होती, त्याला बसल्या जागेवरून अजून एक दुखण्याचं इंजेक्शन मिळालं आणि तो घरी आला.

शनिवारी सकाळी डोळे पिवळे. शेजारच्या काकूंनी काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून दिलं, त्यांचा हेतू चांगलाच होता, आणि त्यात अख्खा दिवस गेला. इथे एक गोष्ट वाचणाऱ्या सगळ्यांसाठी सांगते, फक्त डॉक्टरांसाठी नाही. आपल्याला जी कावीळ माहितीये, दूषित पाण्याने होणारी, तिच्यात डोळे पिवळे होईपर्यंत ताप बहुतेक वेळा उतरलेला असतो. डोळे पिवळे आणि अंगात अजून सणसणीत ताप असं असेल तर ती साधी कावीळ समजून घरी बसू नका, झाडपाल्यात एक दिवसही घालवू नका.

रविवारी सकाळी माझी ड्युटी होती. मी घरीच त्याचं रक्त काढलं आणि घेऊन गेले. बिलिरुबिन ९.६. एसजीपीटी फक्त ८८. मी मशीन चुकलं समजून परत लावलं, तेच आलं. व्हायरल काविळीत एसजीपीटी शेकड्यांत नाही, हजारांत जातं, कारण लिव्हरच्या पेशी मरत असतात. लेप्टोत पेशी तेवढ्या मरत नाहीत, त्यांच्यामधले जोड सैल होतात आणि पित्त रक्तात झिरपतं, म्हणून माणूस हळदीसारखा पिवळा आणि एसजीपीटी मात्र जेमतेम वाढलेलं. मग क्रिएटिनिन लावलं. ३.९ आलं. प्लेटलेट ४२ हजार. पोटॅशियम ३.१.

क्रिएटिनिन ३.९ असलेला माणूस त्या दिवशी सकाळी चार वेळा लघवीला जाऊन आला होता. हे मी मुद्दाम लिहितेय. आदल्या दिवशी आम्ही फोनवर विचारलं होतं, तेव्हा उत्तर मिळालं की लघवी होतेय ना, मग किडनीची काळजी नको. लेप्टोत हा फसवा भाग आहे. हा जंतू किडनीच्या नलिकांना धरतो, जिथे गाळलेल्या पाण्यातून मीठ आणि पोटॅशियम परत शोषलं जातं. ते शोषणं बंद पडतं, म्हणून सुरुवातीला लघवी भरपूर होऊ शकते आणि पोटॅशियम खाली जातं, जे किडनी बिघडली की सहसा वर जातं. म्हणजे लघवी होतेय आणि पोटॅशियम वाढलेलं नाही, दोन्ही गोष्टी बघून समाधान वाटतं, आणि क्रिएटिनिन मात्र रोज चढत असतं. लघवी कमी होईल तेव्हा बघू म्हटलं तर उशीर झालेला असतो. आणि अशा किडनीवर डायक्लोफिनॅकची दोन इंजेक्शनं पडली होती. नुकसान त्यानेच झालं असं मी म्हणत नाही, आजार मुळातच किडनीला धरतो, पण आधीच दबलेल्या किडनीला ते औषध अजून दाबतं हे तुम्ही मला शिकवायचं, मी तुम्हाला नाही.

रविवारी दुपारी त्याला ॲडमिट केलं आणि शिरेतून सेफ्ट्रायॅक्झोन सुरू झालं. पहिल्या डोसनंतर दोन-तीन तासांत त्याला एवढी थंडी वाजली की पलंग हलत होता, आम्हाला वाटलं औषधाची ॲलर्जी. तिथल्या निवासी डॉक्टर मॅडमनी शांतपणे सांगितलं की जंतू एकदम मरायला लागले की असं होऊ शकतं, औषध बंद करायचं नाही. हे आधीच सांगितलं असतं तर आईचा जीव एवढा घाबरला नसता, पण त्या मॅडमचे उपकार आम्ही विसरणार नाही. सोमवारी थुंकीतून रक्त आलं. लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव झाला तर काही तासांत माणूस जातो हे मला माहीत होतं आणि घरात मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सुदैवाने ते वाढलं नाही. मंगळवारी मात्र क्रिएटिनिन ६.८, लघवी दिवसभरात पाव लिटरसुद्धा नाही, आणि डायलिसिस सुरू झालं. चार वेळा झालं. त्याच मंगळवारी, तापाच्या आठव्या दिवशी, आयजीएम परत केलं आणि ते पॉझिटिव्ह आलं. तुमच्या काचेवरच्या नियमाप्रमाणे औषध सुरू करायचा दिवस तो होता.

तो सतराव्या दिवशी घरी आला. लेप्टोतली किडनी बऱ्याचदा पूर्ण सावरते, दीड महिन्याने त्याचं क्रिएटिनिन १.२ आलं आणि आता तो परत रिक्षा चालवतो. आम्ही नशीबवान. त्याच वॉर्डमध्ये सगळे तसे नव्हते.

आता तुमची बाजू. तुम्ही म्हणाल की पावसाळ्यात रोज साठ तापाचे पेशंट, त्यातले बहुतेक खरंच व्हायरल, सगळ्यांना अँटिबायोटिक दिलं तर जंतू निगरगट्ट होतात. खरं आहे. पण मी सगळ्यांना द्या म्हणतच नाही. पाण्यात गेलेला असेल, ताप जोराचा असेल आणि पोटऱ्या किंवा डोळे किंवा पांढऱ्या पेशी साक्ष देत असतील, त्याला त्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन सुरू करा, १०० मिलिग्रॅम दोन वेळा, सात दिवस, आणि कार्ड निगेटिव्ह आलं म्हणून ते थांबवू नका. संशय आला की उपचार सुरू करायचे, टेस्टसाठी अडून बसायचं नाही, ही लेप्टोतली जुनी मान्य पद्धत आहे, माझं डोकं नाही. जुनं, स्वस्त औषध आहे, नंतर डेंग्यू निघाला तरी त्या गोळ्यांनी सहसा काही बिघडत नाही. आजार बळावल्यावर शिरेतून दिलेलं औषध नक्कीच द्यायचं असतं, पण तोपर्यंत किडनीचं जे झालं ते त्या औषधाने मागे येत नाही, म्हणून डायलिसिस लागतं.

२६ जुलै २००५ ला तुमच्यातले बरेच जण प्रॅक्टिस करत होते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे पेशंट कसे वाढले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा प्रत्येक तापाच्या पेशंटला पाण्याबद्दल विचारलं जायचं. मला वाटतं एवढा मोठा पूर आला की सगळ्यांना आठवतं, आणि वंदनाजवळ किंवा चिखलवाडीत दर वर्षी दोन तास साचतं त्या पाण्याला कुणी पूर म्हणत नाही. उंदराचं मूत्र त्यात तितकंच असतं. उंदीर स्वतः आजारी पडत नाही, त्याच्या किडनीत जंतू महिनोन् महिने राहतो आणि मुतातून बाहेर पडत राहतो, आणि पाऊस झाला की गटार, बिळं, कचरा सगळं धुऊन ते रस्त्यावर येतं. टाचेची भेग पुरते त्याला, खूप वेळ भिजून मऊ पडलेली कातडी पुरते, उडालेलं पाणी डोळ्यात गेलं तरी पुरतं.

तर माझं मागणं असं आहे.

काचेवरचा कागद काढू नका, त्यात एक ओळ वाढवा: 'गेल्या महिन्याभरात साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून चालला असाल तर डॉक्टरांना आधी सांगा.' आणि केसपेपरवर तापाच्या तारखेशेजारी पाण्याची तारीख लिहा. कंपाउंडरने विचारलं तरी चालेल.

पहिल्या आठवड्यातलं लेप्टो निगेटिव्ह आलं तर पेशंटला 'लेप्टो नाही' असं सांगू नका. चिठ्ठीवर 'पाच-सात दिवसांनी परत' असं लिहा. आमच्या लॅबच्या मालकांशी मी बोललेय, आम्ही पहिल्या आठवड्यातल्या निगेटिव्ह रिपोर्टखाली तशी मराठीत ओळ छापायला लागतोय.

पाण्यात गेलेल्या पेशंटला क्रिएटिनिन माहीत नसताना डायक्लोफिनॅक आणि त्या जातीची औषधं देऊ नका, पॅरासिटामॉलवर भागवा. आणि सीबीसीबरोबर क्रिएटिनिन आणि साधी लघवीची तपासणी लिहा, प्लेटलेट एकट्या बघून चालत नाही. एकाच सॅम्पलमध्ये होतं, लोक पैशाला कुरकुरतात हे मला माहितीये, पण चार डायलिसिसचं बिल मी बघितलंय.

डोळे पिवळे, दम लागणं, थुंकीत रक्त, लघवी कमी होणं, गुंगी, यातलं काहीही एक दिसलं तर 'उद्या बघू' नको. त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'लेप्टो असू शकतो' एवढं लिहा, म्हणजे तिथे पहिल्यापासून सुरुवात होणार नाही.

आणि शेवटचं मागणं रिक्षा स्टँडसाठी. पाणी साचलं की पुढच्या दोन-तीन दिवसांत, ताप यायच्या आधीच, पाण्यातून गेलेल्या धडधाकट माणसाला डॉक्सिसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा डोस प्रतिबंधक म्हणून देतात. जखम असेल किंवा रोजच पाण्यात उभं राहावं लागत असेल तर जास्त दिवस, ते तुम्ही ठरवायचं. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना हे चालत नाही, त्यांच्यासाठी दुसरं औषध आहे, म्हणूनच हे मेडिकलमधून परस्पर घेण्यापेक्षा तुम्ही समोर असायला हवेत. जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळतं, हेही कुणीतरी सांगायला लागतं. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी मिळून पाणी ओसरल्यावर एक संध्याकाळ स्टेशनच्या स्टँडवर दिली तरी बास. सफाई कामगार आणि दूध-पेपरवाली पोरं पण तिथेच येतात. रिक्षावाल्यांना गोळा करायचं काम भाऊ करणार आहे, त्याने स्टँडवर बोलणं केलंय, ३० जण तयार आहेत.

नव्या कागदाचा मजकूर मी टाईप करून ठेवलाय. शनिवारी चारनंतर मी मोकळी असते, प्रत्येक दवाखान्यात स्वतः आणून देईन. त्यात औषधाचं किंवा डोसचं काही दुरुस्त करायचं असेल तर पेनाने त्याच्यावरच लिहून द्या, मी परत प्रिंट काढून आणते. फक्त पुढचा मोठा पाऊस पडायच्या आधी तो काचेवर लागू दे.

आपली नम्र,
कळव्यातली एक लॅब टेक्निशियन, आणि त्या रिक्षावाल्याची बहीण